एमसीबीवरचा ‘सी-१६’ मूळचा की पुसून छापलेला?

सर, नमस्कार. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं वायरिंग नव्यानं करून घेत आहोत. वायरमननं चार एमसीबी सुटे आणले, एकाचंही खोकं नाही. सगळे एकाच चांगल्या कंपनीचे आहेत असं तो म्हणतो. पण पहिल्या दोघांवरची अक्षरं वेगवेगळी दिसतात आणि चौथ्याचे स्क्रू खरवडल्यासारखे वाटतात. तिसरा मात्र अगदी नवा दिसतो, तो स्वयंपाकघरासाठी आहे. तिथे अडीचची वायर टाकली आहे. सगळ्यांचे समोरून, बाजूनं आणि स्क्रूच्या बाजूनं फोटो पाठवते आहे. फोटोवरून डुप्लिकेट ओळखता येतो का? नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, नमस्कार.

तुमचं काम अडलेलं आहे, म्हणून आधी निकाल. पहिल्या दोघांच्या अक्षरांतला फरक काळजीचा नाही. चौथा बसवू नका. आणि जो तुम्हाला अगदी नवा वाटला तो तिसरा तर मुळीच बसवू नका, कारण चौघांत सगळ्यात धोक्याचा तोच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. फोटो पाहून एमसीबी नापास करता येतो, पास करता येत नाही. घराला वाचवणारे भाग कवचाच्या आत असतात. जास्त भारानं तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी, शॉर्ट सर्किट झाल्याबरोबर खटका सोडणारी तांब्याची कॉइल आणि संपर्क सुटताना उठणारी ठिणगी विझवणारा पत्र्यांचा जुडगा, यांतलं काहीही फोटोत दिसत नाही. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या कवचात नुसतं बटण असू शकतं. त्यामुळे फोटोत काही वावगं दिसलं नाही तर एवढंच म्हणायचं की आक्षेप सापडला नाही. पहिल्या दोघांबद्दल मी एवढंच म्हणतो आहे.

आता अक्षरांकडे वळू. बहुतेक कंपन्या ६ अँपिअरपासून ३२ अँपिअरपर्यंतच्या, पुष्कळदा त्याहूनही मोठ्या एमसीबीला एकच कवच वापरतात. आतली कॉइल आणि पट्टी बदलते, बाहेरचं प्लास्टिक तेच राहतं. म्हणून जे सगळ्या रेटिंगना समान आहे ते साच्यातूनच उठून येतं, जसं स्क्रूजवळचे आकडे किंवा काही कंपन्यांचं नाव. रेटिंग मात्र साच्यात नसतं. ते बहुतेक वेळा जोडणी झाल्यावर शाईनं किंवा लेझरनं उमटवलेलं असतं. खोटेपणा करणाऱ्याची सोय नेमकी इथेच होते. अख्खा एमसीबी बनवायला साचे लागतात, भांडवल लागतं. खऱ्या जुन्या एमसीबीवरचा आकडा पुसून दुसरा छापायला थिनरची बाटली आणि एक ठसा पुरतो. म्हणून सुट्या मालात मी कंपनीच्या नावाआधी आकड्याभोवतीचं प्लास्टिक बघतो.

तुमच्या पहिल्या एमसीबीवरची अक्षरं लेझरची आहेत. लेझर प्लास्टिकचा रंग बदलतो, वर काही चढवत नाही, म्हणून आडव्या प्रकाशातही अक्षरं पृष्ठभागाच्या पातळीतच दिसतात आणि थोडी राखाडी वाटतात. दुसऱ्यावर शाईची छपाई आहे. तिला किंचित चकाकी असते आणि अक्षराच्या कडेला शाईचा बारीक काठ जाणवतो. एकच कंपनी वेगवेगळ्या काळात किंवा वेगवेगळ्या मालिकांत दोन्ही पद्धती वापरू शकते. या दोघांच्या अंगावरचे उत्पादनाचे महिनेही वेगळे आहेत. शिवाय दोघांच्या बाबतीत समोरचा आकडा, बाजूचा कॅटलॉग क्रमांक आणि चौकटीतली शॉर्ट सर्किटची क्षमता एकमेकांशी जुळते. नेटवरच्या एखाद्या ‘ओरिजिनल’च्या फोटोशी तुलना करून अक्षरं वेगळी दिसली की माल खोटा, असं धरून चाललात तर कितीतरी खरे एमसीबी फेकून द्याल.

तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. समोर ‘सी-१६’, म्हणजे सोळा अँपिअरचं रेटिंग, ठळक आणि स्वच्छ आहे, म्हणूनच तो तुम्हाला नवा वाटला. पण तुम्ही बाजूनं टॉर्च धरून काढलेला फोटो पुन्हा मोठा करून बघा. त्या आकड्याभोवती बोटाच्या नखाएवढा भाग गुळगुळीत आणि चकचकीत आहे, तर बाकीचं कवच बारीक खरखरीत आहे. हा खरखरीतपणा साच्याच्या पोलादावरच कोरलेला असतो आणि प्रत्येक कवचावर जसाच्या तसा उतरतो. थिनरनं पुसलं किंवा बारीक कागदानं घासलं की तो जातो, आणि पुन्हा आणता येत नाही. वरून कितीही सुबक छापलं तरी तो गुळगुळीत डाग तसाच राहतो.

दुसरी खूण आकड्याच्या जागेची. कंपनीत समोरचा मजकूर एकत्र छापला जातो, त्यामुळे नाव, रेटिंग आणि चौकटीतला आकडा यांच्या ओळी एकमेकींना समांतर असतात आणि पांढरा रंगही एकच असतो. इथे ‘सी-१६’ उजवीकडे किंचित खाली उतरला आहे आणि त्याचा पांढरा शेजारच्या मजकुरापेक्षा थंड, निळसर आहे. या दोन गोष्टींवरून मी नुसता संशय घेतला असता. पण बाजूचा कॅटलॉग क्रमांक बघा. पहिला एमसीबी १० अँपिअरचा आहे आणि त्याच्या क्रमांकात शेवटी १० येतात. दुसऱ्या, सोळाच्या एमसीबीत त्याच जागी १६ आहेत. तिसऱ्यात तिथे ३२ आहेत. समोरचं पुसणारा बाजूचं पुसायला विसरला. किंवा एमसीबी बसवायच्या पेटीत, म्हणजे डीबीत, शेजारी शेजारी बसल्यावर बाजू कोणाला दिसणार, असा त्याचा हिशेब असेल.

या फरकाचा अर्थ तुमच्या स्वयंपाकघरात काय होतो ते बघा. मानकानुसार एमसीबीनं आपल्या रेटिंगच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता वाहून न्यायचा असतो आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत पडायचं असतं. खरा सोळाचा असेल तर २३.२ अँपिअरला तो तासाच्या आत नक्की पडेल. बत्तीसचा मात्र ३६ अँपिअरपर्यंत तासभर पडणार नाही, आणि तो त्याचा दोष नव्हे, तो तसाच बनवलेला आहे. आता तुमची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. भिंतीतल्या पाइपातून गेल्यावर ती साधारण २० अँपिअरच्या आसपास निभावते. सकाळी २००० वॅटची इंडक्शन शेगडी, २००० वॅटचा छोटा गिझर आणि १५०० वॅटची किटली एकाच वेळी सुरू झाली, तर ५५०० भागिले २३० म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर होतात. खरा सोळाचा पडेल, तुम्ही चिडाल आणि एक वस्तू बंद कराल. पुसून सोळाचा केलेला बत्तीसचा काहीच करणार नाही. रोज सकाळी वायरीचं वेष्टण पाइपात तापत राहील, कडक होत जाईल, आणि वास येईपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. एमसीबी कधीच पडत नाही म्हणून तो चांगला, असं घरोघरी म्हणतात. अशा एमसीबीबद्दलही तेच म्हटलं जाईल, म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

चौथ्यात तुम्ही स्क्रू बरोबर हेरलेत. एमसीबीच्या स्क्रूला सहसा आडवी खाच आणि अधिकची खूण दोन्ही एकत्र असतात. न वापरलेल्या स्क्रूत त्या खाचेच्या कडा धारदार आणि मुलामा अखंड असतो. तुमच्या फोटोत अधिकच्या खुणेचे कोपरे गोल झाले आहेत आणि आतून उघडं लोखंड चमकतं आहे. म्हणजे तो स्क्रू जोर लावून अनेकदा फिरवलेला आहे. निव्वळ एखादा पुसट ओरखडा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. दुकानात कोणी सहज फिरवून बघतं.

स्क्रूच्या डोक्यापेक्षा त्याखालची पकड जास्त बोलते. स्क्रू पूर्ण सैल करा, वायर घालायच्या तोंडातून उजेड टाका आणि सरळ समोरून फोटो काढा. सैल करताना स्क्रू बाहेर निघून हातात यायला नको, चांगल्या बनावटीत तो आतच अडकलेला राहतो. आत चारही बाजूंनी बंद अशी चौकट दिसली पाहिजे, जी स्क्रू आवळल्यावर वायरीला वर ओढून दाबते. नकली मालात ही चौकट पातळ पत्रा वाकवून केलेली असते. तिचा सांधा उघडा दिसतो आणि जोरानं आवळलं की फाकतो. मग वायर घट्ट बसल्यासारखी वाटते, पण सैलच राहते आणि ती जागा तापते. तुमच्या चौथ्याची चौकट चांगली आहे, बंद आणि जाड. पण तिच्या आतल्या पट्टीवर वायरीच्या तारांचे समांतर ठसे उमटले आहेत आणि तोंडाजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलं आहे. हा बहुधा खऱ्या कंपनीचाच एमसीबी आहे, पण कुठल्या तरी डीबीतून उतरवलेला आणि तापलेला. अशा एमसीबीची पट्टी आणि संपर्क कुठल्या अवस्थेत आहेत हे बाहेरून कळायला मार्ग नाही, म्हणून नको.

लोहचुंबक लावून बघा असं काही जण सांगतात, त्याचा इथे उपयोग नाही. खऱ्या एमसीबीतही स्क्रू आणि पकडीची चौकट बऱ्याचदा मुलामा दिलेल्या पोलादाचीच असते. मुलाम्याच्या छटेवरूनही निकाल देऊ नका. एका खेपेला पांढरट, दुसऱ्या खेपेला पिवळसर, असं होतं.

राहिलं कवच. एमसीबीचं कवच दोन अर्ध्या भागांचं असतं आणि ते रिव्हेटांनी जोडलेलं असतं. जोडाची रेघ वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची हवी. नखाला किंचित जाणवली तरी हरकत नाही, पण एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला कागद शिरेल एवढी उघडी नको. साचा झिजलेला किंवा निष्काळजीपणे केलेला असेल तर कडांना प्लास्टिकची पातळ पापडी सुटते आणि सपाट भागावर, आतल्या कण्यांच्या जागी, उथळ खळगे पडतात. हे खळगे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून धरली की सावल्या उठतात. प्लास्टिकमध्ये काळे ठिपके किंवा पाण्यासारख्या वळ्या दिसल्या तर पुन्हा वितळवलेला माल वापरल्याची शंका येते. जळू न देणं हेच कवचाचं काम असल्यामुळे ही शंका हलकी समजू नये.

कवचात मी सगळ्यात आधी रिव्हेट बघतो. कारखान्यात ते यंत्रानं एकसारखे दाबले जातात, त्यामुळे सगळ्यांची डोकी गोल, मध्यभागी आणि एका उंचीची असतात. तुमच्या चौथ्याचा खालचा रिव्हेट एका बाजूला चेपला आहे आणि भोवती अर्धगोल ओरखडे आहेत. म्हणजे तो एकदा उघडून परत ठोकला आहे. आत काय बदललं ते ठोकणाऱ्यालाच ठाऊक. एक रिव्हेट जरी असा दिसला, किंवा रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू दिसला, तरी बाकी काही तपासत बसू नका. रिव्हेटांची संख्या मात्र कंपनीप्रमाणे आणि मालिकेप्रमाणे बदलते, ती मोजून काही ठरत नाही. कवचाच्या आडबाजूला साच्याचा छोटा उठावाचा आकडा असतो, तोही प्रत्येकावर वेगळा असू शकतो. एका साच्यात अनेक कप्पे असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा आकडा असतो.

हे सगळं फोटोवरून बघायचं, तर फोटो खोटं बोलणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते. तुम्ही पहिल्यांदा पाठवलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपनं इतके दाबले होते की सगळीच अक्षरं विरघळलेली दिसत होती. नंतर डॉक्युमेंट म्हणून पाठवले तेव्हा ती धारदार निघाली. मोबाइल स्वतःहूनही फोटो ठळक करतो, आणि त्यात काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षराभोवती फिकट कड उमटते. ती दुहेरी छपाईसारखी दिसते आणि लोक घाबरतात. खरी दुहेरी छपाई असेल तर एमसीबी थोडा फिरवून काढलेल्या दुसऱ्या फोटोतही ती त्याच जागी, त्याच बाजूला राहते. मोबाइलनं आणलेली कड मात्र सगळ्याच अक्षरांभोवती सारखी असते. फार जवळ जाऊनही काढू नका. जवळून लेन्स सरळ कड वाकडी दाखवते, आणि मग जोडाची चांगली रेघही संशयास्पद वाटते. हातभर अंतरावरून दुप्पट झूम करून, फ्लॅश बंद ठेवून, आणि खात्रीचा एक एमसीबी शेजारी त्याच उजेडात ठेवून काढलेला फोटो सगळ्यात उपयोगी पडतो.

हातात वस्तू आहे तेव्हा फोटोपलीकडच्या दोन सोप्या गोष्टी करून बघा. ओल्या कापसानं रेटिंगचा आकडा पंधरा सेकंद घासा. मानकातल्या छपाईच्या चाचणीत पाण्यानं आणि नंतर हेक्सेन नावाच्या द्रावकानं असंच पंधरा-पंधरा सेकंद घासतात आणि त्यानंतरही अक्षर सहज वाचता आलं पाहिजे. घरी पाणी पुरे. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यानं चांगली छपाई आणि प्लास्टिकही बिघडू शकतं आणि तुम्ही खऱ्यालाच खोटं ठरवाल. दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमचा सोळाचा दुसरा एमसीबी आणि दुकानातला त्याच कॅटलॉग क्रमांकाचा पेटीबंद एमसीबी तोलून बघा. बराच हलका भरला तर आतले ठिणगी विझवणारे पत्रे गाळले असण्याचा संभव आहे. वजन जुळलं तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि वायरमननं वायरी एकमेकींना टेकवून ‘बघा, पडतो की नाही’ असं दाखवायला घेतलं तर त्याला थांबवा. त्यानं हाताला भाजू शकतं. शिवाय शॉर्टला पडला म्हणजे जास्त भारालाही पडेल असं नाही, कारण ती दोन कामं आतले दोन वेगळे भाग करतात. तुमचा तिसरा तर शॉर्टला व्यवस्थित पडेल.

आयएसआय मार्क भारतात एमसीबीला सक्तीचा आहे. त्या चिन्हावर मानकाचा क्रमांक, आयएस/आयईसी ६०८९८, आणि चिन्हाखाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये Verify Licence Details इथे तो क्रमांक टाका. परवाना कोणत्या कंपनीचा, कोणत्या पत्त्यावरचा, कोणत्या मानकासाठी आणि सध्या चालू आहे का, हे समोर येतं. क्रमांक सापडलाच नाही किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर विषय संपला. सापडला तर मात्र निर्धास्त होऊ नका, कारण नक्कल करणारा खरा क्रमांकही छापू शकतो. तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्याचे क्रमांक खरेच निघतील असा माझा अंदाज आहे, कारण मुळात दोन्ही खऱ्याच कंपनीचे असावेत.

वायरमनशी भांडण करू नका. त्यालाही कोणी तरी सुटा माल पेटीबंद म्हणून विकला असेल. त्याला तिसऱ्याचा बाजूचा क्रमांक आणि चौथ्याचा रिव्हेट दाखवा, आणि स्वयंपाकघराचा व चौथा असे दोन एमसीबी पेटीबंद, जीएसटीच्या पक्क्या बिलासह आणायला सांगा. बिलावर कॅटलॉग क्रमांक लिहून घ्या. खोकं तुमच्यासमोर उघडू दे, आणि खोक्यावरचा व अंगावरचा क्रमांक एक आहे का ते बघा. काढून ठेवलेले दोन्ही एमसीबी दुकानात परत देण्याआधी त्यांचे सर्व बाजूंचे फोटो जपून ठेवा. कंपनीच्या ग्राहक सेवेला हे फोटो आणि अंगावरचा बॅच क्रमांक पाठवला तर त्या बॅचमध्ये कोणतं रेटिंग बनलं हे कंपनी सांगू शकते. तक्रार करायची ठरवलीत तर त्याच अ‍ॅपमधून करता येते.

शेवटी एक राहिलं. दुसऱ्या एमसीबीचा स्क्रूच्या बाजूचा फोटो हललेला आहे, पकडीची चौकट त्यात दिसत नाही. स्क्रू पूर्ण सैल करून तो पुन्हा काढून पाठवा, आणि तोवर तोही डीबीत बसवू नका.